दिवाळीची चकली, घरातून, ऑर्डरवर: बेळगाव-खानापूर-निपाणी भागातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी निपाणीत राहते. मी आणि माझी जाऊ, दोघी मिळून दर दिवाळीला घरातून चकली विकतो. आसपासच्या गावांतून, खानापूर-बेळगावकडूनही बायका आणि आता काही तरुण मुलंसुद्धा विचारतात की हंगामापुरता काही धंदा करायचा तर कसा करावा. प्रश्न बहुतेक तेच तेच असतात, म्हणून उत्तरं एका ठिकाणी लिहून ठेवते आहे.

हंगामी धंदे बरेच आहेत. त्यातून चकलीच का?

मी प्रत्येक हंगामी मालाला एकच प्रश्न लावते: सण संपल्याच्या दुसऱ्या दिवशी घरात काय उरतं?

छत्र्या, रेनकोट, ताडपत्री यांचा माल मे महिन्यातच भरावा लागतो. खानापूरकडे पाऊस धो धो पडतो हे खरं, पण जून लांबला तर पैसे अडकतात. वर लहान मुलांच्या मापाचे रेनकोट नेमके संपतात आणि मोठे उरतात. गणपतीच्या मखरांचं आणि माळांचं त्याहून वाईट. चवथीच्या आदल्या रात्रीपर्यंत दुकानात पाय ठेवायला जागा नसते, आणि दुसऱ्या दिवशी त्या मालाला कुणी हात लावत नाही. तो वर्षभर माळ्यावर ठेवायचा म्हणजे उंदीर आणि ओल आलीच. कुंद्यासारख्या मिठाईत बेळगावच्या जुन्या हलवायांशी गाठ आहे, आणि दुधाचा माल दोन दिवसांत घाई करायला लावतो.

चकली ऑर्डर घेऊन करता येते आणि नीट केली तर तीन-चार आठवडे टिकते. मराठी घरात लागते तशी कानडी घरातही लागते, तिथे तिला चक्कुली म्हणतात. शिवाय ती घरोघरी करायला जमत नाही, कारण भाजणी करायला वेळ लागतो आणि पाडायला हात लागतात. लाडू आजी एकटी वळते, पण चकलीला दोन माणसं हवीतच. म्हणून बाहेरून घ्यायचं म्हटलं की पहिली मागणी चकलीची येते.

मग पूर्ण फराळाचा डबा का करू नये? गिऱ्हाईक तर डबाच मागतं.

मागतं, आणि आम्ही पहिल्या वर्षी दिलाही. चकली, चिवडा, शेव, शंकरपाळी, करंजी आणि दोन प्रकारचे लाडू, असे सात जिन्नस केले. प्रत्येकाचं सामान वेगळं, टिकण्याचे दिवस वेगळे. करंजीतल्या ओल्या खोबऱ्याला पाचव्या दिवशी वास आला आणि अख्खा डबा परत आला. त्यातली चकली चांगली होती तरीही.

पहिल्या वर्षी एकच जिन्नस घ्या. अगदीच हौस असेल तर शेजारी एखादी बाई लाडू चांगले करत असेल तिचे लाडू घ्या, तिला तिचा दर द्या, आणि तिच्या नावानेच विका.

तयारी कधी सुरू करायची?

मी वसुबारसेपासून मागे मोजते. चकली वसुबारसेच्या आधी बारा दिवसांपेक्षा लवकर तळायची नाही. भाजणी त्याच्या आधी आठ दिवसांत तयार हवी. धान्य घेणं, निवडणं आणि धुणं त्याच्या आधीच्या आठवड्यात. म्हणजे नवरात्राच्या सुरुवातीला सामान घरात आणि दसऱ्याच्या आसपास भाजणी दळून डब्यात, असा आमचा बेत असतो. ऑर्डर घेणं दसऱ्यानंतर पाचव्या दिवशी बंद. त्यानंतर येणाऱ्याला "पुढच्या वर्षी" म्हणायला जीवावर येतं, पण म्हणावं लागतं.

आणखी एक सांगते. थेट दिवाळीला उडी घेऊ नका. आपल्या भागातल्या कानडी घरांत गणेश चतुर्थीला चक्कुली लागते. तेव्हा पाच किलोची चाचणी करून बघा. पाऊस असतो, हवा दमट असते. त्या हवेत तुमची चकली कुरकुरीत राहिली तर दिवाळीत हमखास राहील.

भाजणीचं प्रमाण काय?

घराघरांतलं प्रमाण वेगळं असतं आणि बरीचशी बरोबरच असतात. आमचं असं: तांदूळ 4 किलो, हरभरा डाळ 2 किलो, उडीद डाळ 1 किलो, मूग डाळ अर्धा किलो, जाडे पोहे अर्धा किलो, धणे 150 ग्रॅम, जिरे 75 ग्रॅम. दळून आणल्यावर साधारण पावणेआठ किलो पीठ हाती येतं. बाकीचं भाजण्यात आणि गिरणीत जातं.

तांदूळ साधा, जुना घ्या. चांगला वासाचा तांदूळ भाजणीत वाया जातो. नव्या तांदळाला चिकटपणा असतो, त्याने चकली तेल पिते.

प्रत्येक धान्य वेगळं, मंद आंचेवर भाजायचं. तांदूळ हाताला हलका लागला आणि पांढराशुभ्र झाला की पुरे. डाळींचा खमंग वास सुटावा आणि कडांना जेमतेम गुलाबी झाक यावी. पोहे चुरले की चुरचुरले पाहिजेत. धणे-जिरे नुसते गरम करायचे. भाजणी जास्त भाजली गेली तर पीठ बांधलं जात नाही आणि चकली पाडतानाच तुटते. कमी भाजली तर चकली दाताला चिकटते, आणि पिठाला पंधरा दिवसांत जाळी धरते.

गिरणीत जाताना एक काळजी घ्या. तुमच्या आधी कुणाचं तिखट किंवा हळद दळली असेल तर भाजणी देऊ नका. आमचा गिरणीवाला तांदळाच्या दळपानंतर आमचा डबा घेतो, आणि पहिलं मूठ-दोन मूठ पीठ आम्ही वेगळं काढतो. दिवाळीच्या तोंडावर रांग असते, वीज जाते, म्हणून दसऱ्याच्या आधीच दळून घेणं बरं.

परतीचा पाऊस असतो, धुतलेलं धान्य वाळत नाही. काय करावं?

ही आपल्या भागातली खरी अडचण. ऊन पडेल म्हणून वाट बघत बसलं तर ओल्या डाळीला आंबूस वास येतो, आणि तो भाजूनही जात नाही.

तांदूळ आणि डाळी धुऊन चाळणीत अर्धा तास निथळा. मग सुती धोतरावर किंवा जुन्या चादरीवर, घरातच, पंख्याखाली एकाच थराने पसरा. चार तासांनी चादर बदला. ओल धान्यात कमी आणि खालच्या कापडात जास्त असते, हे बऱ्याच जणींच्या लक्षात येत नाही. रात्रभरात डाळ दाताखाली कट्ट वाजेल इतकी सुकते. नाहीच सुकली तर कढईत अगदी मंद आंचेवर आधी नुसती कोरडी करून घ्या, ताटात गार करा आणि मग दुसऱ्यांदा भाजा. ओली डाळ थेट भाजायला घेतली की वरून लाल होते आणि आत कच्ची राहते.

चकली मऊ पडते, तुटते, तेलात विरघळते. नेमकं कुठे चुकतं?

याच प्रश्नाचे सगळ्यात जास्त निरोप येतात, म्हणून सावकाश सांगते.

एक किलो भाजणीला शंभर ग्रॅम कडकडीत तेलाचं मोहन, 50 ग्रॅम तीळ, तिखट, ओवा, हिंग, मीठ, आणि साधारण पिठाइतकंच गरम पाणी. पिठात मोहन घालून हाताने नीट चोळायचं, मग पाणी ओतून झाकून ठेवायचं आणि अर्ध्या तासाने मळायचं. एका वेळी सोऱ्याला लागेल एवढाच गोळा घ्या आणि तो पाण्याचा हात लावून पुन्हा मळा.

चकली तेलात सुटून विरघळली तर मोहन जास्त झालंय किंवा तेल गार आहे. घट्ट, दगडासारखी झाली तर मोहन कमी पडलंय. पाडताना तुटत असेल तर पीठ कोरडं आहे किंवा मळणं कमी पडलंय. काटे उमटत नसतील तर पाणी जास्त झालंय, त्यात मूठभर कोरडी भाजणी मिसळून बघा.

मऊ पडण्याचं कारण यापेक्षा वेगळं असतं, आणि त्यातच धंदा बुडतो. तळताना चकली वरून सुंदर तांबूस झाली म्हणून आपण बाहेर काढतो, पण आतलं पाणी अजून गेलेलं नसतं. ते पाणी दोन दिवसांत हळूहळू बाहेरच्या कवचाकडे येतं आणि चकली वातड होते. घरच्या खाण्यात हे कळत नाही, कारण आपण ती त्याच दिवशी खातो. गिऱ्हाईक मात्र पाकीट आठव्या दिवशी उघडतं.

म्हणून रंगाकडे बघू नका, बुडबुड्यांकडे बघा. चकली सोडल्यावर तेल जोरात फसफसतं, कारण पाण्याची वाफ निघत असते. ते बुडबुडे जवळजवळ थांबेपर्यंत चकली बाहेर काढायची नाही. याला मध्यम आंच लागते. तेल साधारण 160 ते 170 अंश असावं. थर्मामीटर नसेल तर पिठाचा बारीक तुकडा टाकून बघा. तो तळाशी जाऊन लगेच वर आला, पण काळवंडला नाही, तर तेल बरोबर आहे. आंच मोठी ठेवली की बाहेरचा भाग आधी बंद होतो आणि पाणी आत कोंडतं. एका घाण्यात सात-आठच चकल्या सोडा. जास्त भरल्या की तेल गार पडतं.

आम्ही रोज सकाळी पहिली चकली तळून पूर्ण गार करतो आणि मोडतो. आत नळी पडलेली दिसली पाहिजे, म्हणजे मधली पोकळी. नळी नसेल तर आंच किंवा मोहन बघून मगच पुढचे घाणे घालतो.

दुसरी चूक भरण्याची. पहिल्या वर्षी परतीच्या पावसात आम्ही घाईघाईने कोमट चकलीच पिशव्यांत भरली. आतून घाम आला. बारा किलो माल चौथ्या दिवशी वातड झाला आणि आम्हाला तो पुन्हा करून द्यावा लागला. आता तळलेली चकली कागदावर एकाच थराने पसरतो आणि तीन तास झाल्याशिवाय पिशवीत घालत नाही. पाऊस पडत असेल तर दारं-खिडक्या बंद करून. पिशवी जाड, लॅमिनेटेड, आणि हॅन्ड सीलरने बंद केलेली. पातळ पॉलिथिनमधून ओल आत जाते.

आणि प्रत्येक दिवसाच्या मालातली दोन पाकिटं स्वतःसाठी ठेवा, तारीख घालून. सातव्या दिवशी एक आणि पंधराव्या दिवशी एक असं उघडून खायचं. गिऱ्हाइकाचा फोन येण्याआधी आपल्याला कळलं पाहिजे.

दिवसाला किती होते? ऑर्डर किती घ्यावी?

एक पाडते आणि एक तळते, असं धरलं तर एक किलो पिठाला साधारण एक तास जातो. एक किलो पिठाची चकली सव्वा ते दीड किलोच्या मध्ये भरते. मी हिशेबाला 1 किलो 350 ग्रॅम धरते. म्हणजे आठ तासांत आठ किलो पीठ, दहा-अकरा किलो चकली. यापेक्षा जास्त करायला गेलं की खांदे दुखतात आणि संध्याकाळचे घाणे बिघडतात.

बारा दिवसांतले घरचे सणवार, पाहुणे आणि वीज गेलेले तास वजा केले तर दोघींना सत्तर किलो हीच हद्द. पहिल्या वर्षी चाळीसच्या वर जाऊ नका.

दर कसा ठरवायचा? शेजारची बाई 320 ने विकते.

आमच्या एका हंगामाचा हिशेब देते. भाव दरवर्षी बदलतात, म्हणून आकडे तुमचे घाला, रीत ही ठेवा.

ऑर्डर होती 38 किलोची. त्यासाठी 30 किलो भाजणी वापरली. चाळीस किलोच्या आसपास चकली निघाली आणि दोन किलो मोडली. मोडतोड पाच टक्के धरावीच लागते.

एक किलो पिठामागे खर्च असा आला. भाजणी, धान्य, दळप आणि भाजण्याचा गॅस धरून 95 रुपये. मोहन, तळताना चकलीने प्यालेलं आणि शेवटी टाकून दिलेलं असं सगळं तेल मिळून 67. तीळ, तिखट, ओवा, हिंग, मीठ 24. तळण्याचा गॅस 20. पिशव्या आणि लेबलं 32. एकूण 238 रुपये. तीस किलो पिठाचे झाले 7,140.

बहुतेक जणी इथेच थांबतात. 7,140 ला 38 ने भागलं की किलोला 188 येतात, आणि मग 320 ने विकणं म्हणजे भरपूर नफा वाटतो.

आता हात मोजा. तळण्याचे तीस तास, माणसं दोन, तासाला 60 रुपये धरले तर 3,600. धान्य निवडणं, धुणं, भाजणं, गिरणीत जाणं यात दोघींचे दोन पूर्ण दिवस गेले, त्याचे 1,920. आता बेरीज 12,660 होते आणि किलोला खरा खर्च 333 पडतो. शेजारची बाई 320 ने विकते तेव्हा ती स्वतःची मजुरी पुरती काढत नाही, फक्त तिला ते दिसत नाही. पुढच्या वर्षी ती मदतीला बाई ठेवेल तेव्हा दिसेल.

आम्ही 420 ने विकली. 15,960 आले. मजुरी धरून खर्च वजा जाता 3,300 उरले, आणि मोडकी चकली अर्ध्या दराने ओळखीच्यांना दिली त्याचे चारेकशे. सहा दिवसांच्या कामाचे, मजुरी आणि नफा मिळून, प्रत्येकीला साडेचार हजाराच्या आसपास. फार मोठी रक्कम नाही. पण खिशातून एक रुपया न अडकता आली, ते पुढच्या प्रश्नात सांगते.

भांडवल किती लागतं? कर्ज घ्यावं का?

कर्ज घेऊ नका. ऑर्डर घेताना निम्मे पैसे आगाऊ घ्या. वरच्या हिशेबात निम्मे म्हणजे 7,980 होतात आणि कच्च्या मालाला 7,140 लागतात. गिऱ्हाइकाच्या पैशातच माल येतो. ओळखीच्यांकडे आगाऊ मागायला संकोच वाटतो, मलाही वाटायचा. पण ज्याने आगाऊ दिले तो चकली न्यायला येतोच. नुसत्या तोंडी ऑर्डरीतल्या बऱ्याच जणांना ऐनवेळी नणंदेने डबा पाठवलेला असतो.

सोऱ्या मात्र चांगला, पितळी, फिरवायचा घ्या. दाबायच्या लाकडी सोऱ्याने चाळीस किलो होत नाही.

परवाना लागतो का?

खाण्याचा पदार्थ विकताय म्हणजे अन्नसुरक्षेची नोंदणी लागतेच, घरातून केलं तरीही. छोट्या घरगुती धंद्याला मोठा परवाना नको, साधी नोंदणी पुरते. ती `foscos.fssai.gov.in` वर होते. आम्ही केली तेव्हा वर्षाला शंभर रुपये शुल्क होतं. चौदा आकडी नंबर मिळतो, तो पाकिटावर छापायचा.

पाकिटावर त्याशिवाय जिन्नसाचं नाव, घटक (ज्याचं प्रमाण जास्त तो आधी), निव्वळ वजन, केल्याची तारीख, कधीपर्यंत खावं, किंमत, तुमचं नाव-पत्ता आणि शाकाहाराचं हिरवं चिन्ह हवं. हा मजकूर इंग्रजीत किंवा हिंदीत असावा लागतो, त्याच्या जोडीला मराठी आणि कन्नड घाला. आम्ही "चकली" आणि "चक्कुली" दोन्ही लिहितो, दुसरं कन्नड लिपीत. आमचं निम्मं गिऱ्हाईक कानडी आहे आणि त्यांना ते आवडतं. दारावर पाटी लावणार असाल तर कर्नाटकात पाटीवरचा 60 टक्के मजकूर कन्नडमध्ये हवा, हे आधीच ध्यानात ठेवा.

वजनकाटा वैधमापन खात्याचा शिक्का असलेला हवा. आणि घरगुती गॅसची टाकी धंद्याला वापरता येत नाही, 19 किलोची व्यावसायिक टाकी घ्यावी लागते. महाग पडते, म्हणून ती हिशेबात धरलीच पाहिजे.

माहेर कोल्हापूरला, नणंद गडहिंग्लजला. तिकडच्या ऑर्डरी घेता येतील का?

आपल्यासाठी हा सगळ्यात नाजूक प्रश्न आहे, आणि बऱ्याच जणींना माहीत नसतो.

मालाचा धंदा कर्नाटकातल्या कर्नाटकात असेल तर वर्षाला 40 लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटीची नोंदणी लागत नाही. पण करपात्र माल तुम्ही स्वतः दुसऱ्या राज्यात विकायला पाठवला की ही सूट जाते. मग उलाढाल दहा हजारांची असली तरी नोंदणी सक्तीची होते. निपाणीहून कागल दिसतं एवढं जवळ आहे, बेळगावहून चंदगड तसंच. रोजच्या जगण्यात ती हद्द आपल्याला जाणवत नाही, पण कायद्यात आहे. छोट्या व्यापाऱ्यांसाठीची कंपोझिशन योजनाही इथे कामाची नाही, तीत राज्याबाहेर माल विकता येत नाही.

आम्ही काय करतो ते सांगते. कोल्हापूरकडचं गिऱ्हाईक किंवा त्याचा इथला नातेवाईक आमच्या दारात येऊन, पैसे देऊन माल घेऊन जातो. विक्री इथे झाली, इथेच संपली. पुढे तो माल कुठे नेतो हा त्याचा प्रश्न. नावाला इथली विक्री दाखवून पार्सल मात्र आपणच पाठवायचं, असं करू नका. 2025 च्या जुलैत कर्नाटकातल्या बऱ्याच छोट्या दुकानदारांना यूपीआयवर जमा झालेल्या रकमांवरून कराच्या नोटिसा आल्या होत्या, त्यामुळे पैसे कुठून आले हे कुणी बघत नाही असं समजू नये. तिकडची मागणी खरंच मोठी असेल तर गावातल्या कर सल्लागाराला भेटून नोंदणी करा आणि मग मोकळेपणाने पाठवा.

माल पोचवताना काय सांभाळायचं?

चकली मोडते, म्हणून मोठ्या पिशवीपेक्षा पाव किलोची पाकिटं पुठ्ठ्याच्या खोक्यात उभी भरा आणि फटीत कागद कोंबा. आमची सगळ्यात जास्त मोडतोड स्कूटरवर झाली आहे, बसमध्ये नाही.

तारखा ठरवताना 1 नोव्हेंबर बघा. बेळगावात त्या दिवशी राज्योत्सवाची मिरवणूक असते आणि मराठी माणसांचा काळा दिवसही. त्या दिवशी शहरात माल पोचवायचं ठेवू नका. सीमेवर तणाव वाढला की दोन्हीकडच्या बस थांबतात, डिसेंबर 2022 मध्ये आणि फेब्रुवारी 2025 मध्ये आपण ते बघितलंय. म्हणून गिऱ्हाइकांना आम्ही वसुबारसेच्या आधी दोन दिवसांची तारीख सांगतो, ऐन दिवसाची नाही.

उरलेल्या तेलाचं काय करायचं?

जुन्या तेलात नवं तेल ओतत राहायचं नाही. तेल काळपट झालं, वर बारीक चिकट फेस येऊ लागला किंवा कढईच्या कडेला राळेसारखं चिकटू लागलं की ते टाकायचं. त्या तेलातली चकली पहिल्या दिवशी छान लागते आणि दहाव्या दिवशी खवट होते. आम्ही कढईत थोडंच तेल घेतो, रोज संध्याकाळी गाळतो आणि तिसऱ्या दिवशी बदलतो. टाकून दिलेलं तेल हिशेबात आधीच धरलेलं असतं, त्यामुळे जीव तुटत नाही.

तळायला दुसरं माणूस नाही. मी एकटीने काय करू?

भाजणी विका. हे मला तिसऱ्या वर्षी सुचलं, आधी सुचायला हवं होतं. ज्यांना चकली घरीच करायची असते, पण धान्य धुऊन, वाळवून, भाजून, गिरणीत रांग लावायला वेळ नसतो, अशा बायका गावात पुष्कळ आहेत. शाळेत-बँकेत नोकरी करणाऱ्या तर सगळ्याच. भाजणीला तेल नको, सोऱ्या नको, मोडतोड नाही, आणि एकटीने दिवसाला आठ किलोची तयारी होते.

किलोला 95 खर्च आणि तुमची मजुरी धरून 180 ते 200 ला ती जाते. अर्धा किलोच्या पाकिटात एक चिठ्ठी घाला: पाणी किती, मोहन किती, बुडबुडे थांबेपर्यंत तळा. चिठ्ठी न घातल्यामुळे पहिल्या खेपेला तिघींची चकली विरघळली आणि दोष भाजणीला लागला.

दिवाळी झाल्यावर ऑर्डर येते का?

भाऊबीजेला थोडी येते. बहिणी भावाकडे डबा नेतात आणि घरची चकली तोवर मुलांनी संपवलेली असते. त्यासाठी आम्ही चार किलो जास्त करून ठेवतो, त्याहून जास्त नाही. तुळशीच्या लग्नापर्यंत कुणी विचारत नाही. तेवढ्या दिवसांत मी सोऱ्याच्या चकत्या चिंचेने घासून, कोरड्या करून, पिठाच्या रिकाम्या डब्यात कडुलिंबाच्या पाल्यासोबत ठेवते, आणि कुणी किती नेली, कुणी काय तक्रार केली हे वहीत उतरवते. चवथीच्या चाचणीला पहिला फोन त्या वहीतल्या नावांनाच जातो.